जाहिरातीतला फ्लॅट आणि दारामागचा फ्लॅट

आपल्या वाङ्मय मंडळात कविता, कथा, ललित लेख असे सगळे लिहिले जाते, पण घराच्या जाहिरातीला लेखन म्हणायला कोणी तयार होत नाही. मला वाटते, म्हणायला हवे. एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी ज्या आठ-दहा ओळी वाचून हलायला लागते, त्या ओळी बेळगावात बहुतेक वेळा कोणीतरी घाईघाईत, दुसऱ्याच्या जाहिरातीवरून उतरवून काढलेल्या असतात. त्यातले निम्मे शब्द काहीच सांगत नाहीत आणि उरलेल्यांतले काही दिशाभूल करतात. जाहिरात खरी ठेवूनही आकर्षक करता येते असे माझे मत आहे, आणि ते मी एका प्रत्यक्ष फ्लॅटवरून मांडणार आहे.

फ्लॅट आमच्या शेजारच्या काकूंचा. टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा पुण्याला स्थायिक झाला, काकू त्याच्याकडे जाणार, म्हणून विकायला काढलेला. "तू मंडळात लिहितेस की, मग मला पण चार ओळी लिहून दे," असे त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे एजंटने आधी करून दिलेली एक जाहिरात होती. ती अशी:

"टिळकवाडीत प्राइम लोकेशनला प्रशस्त 2 बीएचके, 1050 चौ. फूट, पूर्वमुखी, भरपूर हवा-उजेड, स्टेशन-मार्केट 5 मिनिटांवर, सर्व सोयींनी युक्त, ताबडतोब विकणे आहे."

ही जाहिरात वाचून दोन महिन्यांत अकरा कुटुंबे घर बघून गेली. काकूंनी अकरा वेळा चहा केला. कोणी म्हणाले, खोली लहान आहे. कोणी म्हणाले, अंधार आहे. एका आजोबांना गाडीचा आवाज नको होता आणि ते बाल्कनीत उभे असतानाच नेमकी गाडी गेली. यातल्या कोणाचीही तक्रार चुकीची नव्हती. घरही वाईट नव्हते. जाहिरातीने त्यांना वेगळ्याच घराची कल्पना देऊन बोलावले होते, एवढेच.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जाहिरातीने घर विकले जात नाही. घर बघून, कागद बघून, घासाघीस करून विकले जाते. जाहिरातीचे काम फक्त योग्य माणसाला दारापर्यंत आणणे आणि ज्याला ते घर चालणारच नाही त्याची फेरी वाचवणे. हे काम मनात ठेवले की कोणते शब्द ठेवायचे आणि कोणते काढायचे ते आपोआप ठरायला लागते.

पहिला आकडा: 1050

सगळ्यात मोठा गोंधळ क्षेत्रफळाचा असतो. 1050 चौरस फूट हा आकडा काकूंच्या मूळ खरेदीच्या कागदात आहे, म्हणजे तो खोटा नाही. पण तो सुपर बिल्टअपचा आकडा आहे. त्यात घराच्या बाहेरच्या भिंती आल्या, बाल्कनी आली, आणि जिना, लिफ्ट, खालची मोकळी जागा यांतला वाटाही आला. या वाट्याला बिल्डर लोक 'लोडिंग' म्हणतात. आपण जिन्यात पलंग टाकत नाही, पण त्याचे फूट मोजून दिलेले असतात.

2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे काय ते ठरवून दिले. घराच्या आतली वापरता येणारी जमीन आणि आतल्या आडभिंतींची जागा धरायची. बाहेरच्या भिंती, डक्ट, फक्त त्या घराला जोडलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. हा कायदा मुख्यतः बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, जुना फ्लॅट विकणाऱ्या घरमालकाला तो तसा बांधत नाही. तरी व्याख्या सगळ्यांना माहीत झाली आहे, आणि आपण तीच वापरली तर वाचणाऱ्याला दुसऱ्या घराशी तुलना करता येते.

मी आणि माझा भाऊ टेप घेऊन एका रविवारी काकूंकडे गेलो. भिंतीच्या आतून आत मोजले, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. हॉल 10 बाय 16, म्हणजे 160. जेवणाची जागा 8 बाय 10, म्हणजे 80. स्वयंपाकघर 8 बाय 9, म्हणजे 72. मोठी बेडरूम 11 बाय 12, म्हणजे 132. लहान बेडरूम 10 बाय 10, म्हणजे 100. दोन बाथरूम 28 आणि 32. पॅसेज साडेतीन बाय 12, म्हणजे 42. बेरीज झाली 646. आतल्या आडभिंती साडेचार इंची, त्यांची लांबी मिळून नव्वद फुटांच्या आसपास, म्हणजे त्यांनी अडवलेली जागा साधारण 34. एकूण 680. समोरची बाल्कनी 40 आणि मागची धुण्याभांड्याची युटिलिटी 28, म्हणजे वेगळे 68.

तर 1050 मधले पायाखाली येणारे 680. शंभरातले पासष्ट. एवढा फरक बघून काकू जरा खट्टू झाल्या. "मग मी 680 लिहिले तर लोक म्हणतील, केवढंसं घर!" त्यांची भीती खरी आहे. काकूंनी किंमत 48 लाख ठेवली आहे. 1050 ने भागले तर चौरस फुटाला 4,571 रुपये पडतात, 680 ने भागले तर 7,060 च्या आसपास. शेजारच्या जाहिरातीत सुपर बिल्टअपचा दर असेल आणि आपण एकटा कार्पेटचा आकडा दिला, तर आपले घर उगाच महाग दिसते.

यावर उपाय सोपा आहे. दोन्ही आकडे द्यायचे आणि प्रत्येकाचे नाव सांगायचे: "कार्पेट 680 चौ. फूट, बाल्कनी आणि युटिलिटी मिळून 68, कागदोपत्री सुपर बिल्टअप 1050." ज्याला 1050 शी तुलना करायची त्याला ती करता येते, आणि ज्याला आपले फर्निचर मावेल का हे बघायचे त्याला 680 मिळतात. नुसते "1050 चौ. फूट" लिहिणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणू शकत नाही, पण तो कोणते फूट हे सांगत नाही. मला ते नाव न सांगणे खटकते.

मांडणी: दारातून आत चालत जा

दुसरा शब्द 'प्रशस्त'. हा शब्द मी पूर्ण काढला. 10 बाय 10 ची खोली प्रशस्त आहे की नाही ते कोण राहणार यावर अवलंबून आहे. त्यापेक्षा त्या खोलीत काय मावते ते लिहावे. सहा बाय साडेसहाचा डबल बेड टाकला तर एका बाजूला चार फूट उरतात. त्यात दोन फूट खोलीचे कपाट ठेवले तर मध्ये दोन फूट चालायला. म्हणजे बेड आणि कपाट बसते, पण अभ्यासाचे टेबल हवे असेल तर बेड सिंगल घ्यावा लागतो. हे एक वाक्य जाहिरातीत टाकले की ज्या घरात शाळेत जाणारी दोन मुले आहेत त्यांना लगेच कळते, आपले जमेल का नाही. नवरा-बायको आणि म्हातारी आई असे कुटुंब असेल तर त्यांना तीच खोली पुरेशी वाटते.

मांडणी सांगताना क्रम महत्त्वाचा. बऱ्याच जाहिरातींत खोल्यांची नुसती यादी असते. "हॉल, किचन, दोन बेड, दोन बाथ." त्यावरून घर डोळ्यांपुढे उभे राहत नाही. दार उघडून माणूस ज्या क्रमाने चालतो त्या क्रमाने लिहिले तर राहते. काकूंच्या घरात दारातून सरळ हॉल, हॉलच्या दुसऱ्या टोकाला बाल्कनी. हॉलला लागून जेवणाची जागा आणि तिच्यामागे स्वयंपाकघर. तिथून बारा फुटी पॅसेज, त्यावर दोन्ही बेडरूमची दारे. म्हणजे हॉलमध्ये पाहुणे बसले असले तरी बेडरूममधून बाथरूमला जाणारा माणूस त्यांच्यासमोरून जात नाही. या घराचा हा एक मोठा गुण आहे आणि जुन्या जाहिरातीत त्याचा उल्लेखच नव्हता. पॅसेजने 42 फूट खाल्ले हे खरे, पण त्या 42 फुटांत घराची आब सांभाळली आहे.

इथे 'पूर्वमुखी' या शब्दाबद्दल थोडे. आपल्याकडे घराचे मुख म्हणजे मुख्य दार. दार पूर्वेला उघडते म्हणून घर पूर्वमुखी. वास्तू बघणाऱ्यांना ते हवे असते, म्हणून लिहायला हरकत नाही. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच सकाळचे ऊन येते. काकूंचे दार पूर्वेला उघडते ते लिफ्टसमोरच्या जागेत. तिथून घरात ट्यूबलाइटखेरीज कसलाही उजेड येत नाही. खरा उजेड दोन ठिकाणांहून येतो: पश्चिमेच्या बाल्कनीतून दुपारी तीननंतर आणि आग्नेय कोपऱ्यातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळी. लहान बेडरूमची खिडकी उत्तरेला, आणि तिच्यासमोर नऊ फुटांवर शेजारची इमारत. तिथे दिवसाही वाचायला दिवा लावावा लागतो.

म्हणून 'भरपूर हवा-उजेड' ऐवजी प्रत्येक खोलीत उजेड कधी येतो तेवढे लिहायचे. "ओट्यावर सकाळचे ऊन, हॉलमध्ये दुपारनंतर उजेड आणि पश्चिमेचा वारा." वाचायला हे जास्त चांगलेही लागते, कारण वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा दिवस दिसतो. आकर्षकपणा म्हणजे विशेषणे वाढवणे असा आपला समज आहे. पण 'ओट्यावर सकाळचे ऊन' यात एकही विशेषण नाही, आणि सकाळी डबे करणारी बाई ते वाचून थांबते.

पाच मिनिटे, पण कुणाची?

'स्टेशन-मार्केट 5 मिनिटांवर' हे वाक्य बेळगावच्या अर्ध्या जाहिरातींत सापडेल. पाच मिनिटे चालत, स्कूटरने की रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्याने रिक्षात, हे कोणीच सांगत नाही. मिनिटे लिहायची असतील तर तीन गोष्टी सोबत हव्यात: कुठपर्यंत, कशाने आणि कोणत्या वेळी. आणि कुठपर्यंत हे सांगताना शहर नको, ठिकाण हवे. 'मार्केट' म्हणजे गणपत गल्ली की कोपऱ्यावरचे भाजीचे गाडे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखायचे?

आम्ही चालून बघितले. काकूंच्या इमारतीच्या फाटकापासून आरपीडी क्रॉस सामान्य चालीने नऊ मिनिटे, बसथांबा चार मिनिटे, किराणा आणि औषधाचे दुकान दोन मिनिटे. हे आकडे पावसात आणि उन्हात सारखेच राहतात, म्हणून चालण्याची मिनिटे मला सगळ्यात विश्वासाची वाटतात.

मग आला गेटाचा प्रश्न. टिळकवाडीत राहणाऱ्याला गेट टळत नाही. काँग्रेस रोडला जायचे तर ते ओलांडायचे. गेट उघडे असले तर स्कूटरने चार मिनिटे. गाडी येणार असली आणि त्यातच कॉलेज सुटण्याची वेळ असली तर गेट उघडल्यावरही दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकींत अडकतात, आणि पंधरा मिनिटे धरून चालावे लागते. जुन्या जाहिरातीत गेटाचे नावच नव्हते. गावातल्या माणसाला पत्ता वाचून ते कळतेच. न कळणारा असतो तो बाहेरून बदली होऊन आलेला माणूस, आणि फसल्यासारखे त्यालाच वाटते.

गेट लिहावे, पण नुसते 'रेल्वे गेटाजवळ' लिहून सोडू नये. तेवढ्याने भीती वाटते आणि माहिती मिळत नाही. "काँग्रेस रोडला जाताना दुसरे गेट लागते, उघडे असेल तर स्कूटरने 4 मिनिटे, बंद असेल तर 15 पर्यंत. आरपीडी क्रॉसकडे जाताना गेट लागत नाही." असे लिहिले की ज्याचे ऑफिस, मुलांची शाळा अलीकडच्या बाजूला आहे त्याला हा दोष लागूच होत नाही, आणि ज्याला रोज पलीकडे जायचे तो स्वतःच ठरवतो.

याच ठिकाणी एक गोष्ट मी कटाक्षाने गाळते, ती म्हणजे 'होणार आहे'. रस्ता रुंद होणार आहे, पूल होणार आहे, जवळ मॉल येणार आहे. घर आज विकले जाते, आणि होणारी गोष्ट विकणाऱ्याच्या हातात नसते. आज उभे आहे तेवढेच लिहावे.

पाण्याचे तसेच. बेळगावात काही भागांत चोवीस तास पाणी आहे, काही ठिकाणी काही दिवसांआड येते. 'पाण्याची सोय' या दोन शब्दांतून यातले काय ते समजत नाही. नळाला पाणी कधी येते, इमारतीची टाकी केवढी, बोअर आहे का आणि एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागला का, एवढे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारले की दोन ओळींत सांगता येते. काकूंच्या इमारतीत एक दिवसाआड पाणी येते, बोअर आहे, आणि मागच्या उन्हाळ्यात दोनदा टँकर आला होता. आम्ही तिन्ही गोष्टी लिहिल्या.

ओल: लिहायची की नाही?

खरी वादावादी या एका मुद्द्यावर झाली. मोठ्या बेडरूमची पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरायची. बेळगावचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा मारतो, जून ते सप्टेंबर त्या बाजूच्या भिंती सतत भिजतात, आणि बाहेरच्या गिलाव्याला बारीक चीर असली तरी पाणी आत झिरपते. दोन पावसाळ्यांपूर्वी काकूंनी बाहेरून चिरा भरून वॉटरप्रूफिंग करून घेतले. त्यानंतर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात वीतभर डाग पुन्हा उठला, बाकी भिंत कोरडी राहिली.

एजंट म्हणाले, "ताई, रंग मारून घ्या, डाग दिसत नाही. जाहिरातीत ओल लिहिणारा माणूस मी आजवर बघितला नाही. एवढं सगळं लिहिलं तर फोन कोण करणार?"

त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट बरोबर आहे: फोन कमी येतील. पण रंग मारण्याचा सल्ला मला दोन कारणांनी पटला नाही. पहिले कायद्याचे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, मालमत्तेतला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नसेल, तर तो सांगणे विकणाऱ्याचे काम आहे. लहान बेडरूमसमोरची इमारत कोणालाही दिसते, ती सांगायची सक्ती नाही. जानेवारीत रंगाखाली गेलेली ओल मात्र दिसत नाही. डाग उघडा ठेवला तर तो दिसणारा दोष आहे, रंगाखाली झाकला तर आपणच तो लपलेला दोष करतो.

दुसरे कारण व्यवहाराचे. घर बघायला येणारा माणूस पाहुणा म्हणून येत नाही, शंका घेऊन येतो. काय लपवले आहे ते तो शोधत असतो. जाहिरातीत एक दोष नीट लिहिलेला दिसला की त्याच जाहिरातीतल्या बाकीच्या गोष्टींवर त्याचा विश्वास बसतो. एकही दोष लिहिलेला नसेल तर तो सगळ्यावरच थोडा थोडा अविश्वास ठेवतो.

पण दोष लिहिण्याचीही रीत आहे. 'भिंतीला ओल आहे' असे लिहिले तर वाचणाऱ्याच्या मनात सगळे घर पाझरायला लागते. कुठे, किती, काय उपाय केला आणि त्यानंतर काय झाले, या चार गोष्टी एका वाक्यात याव्यात. वाक्य त्या खोलीच्या वर्णनातच बसावे. पहिल्या ओळीत टाकले तर जाहिरात रडगाणे वाटते, शेवटी बारीक अक्षरात टाकले तर लपवल्यासारखे दिसते.

आणि सगळेच दोष लिहायचे असे माझे म्हणणे नाही. न्हाणीघराची एक फरशी तडकली आहे, हॉलचे एक बटण चालत नाही, हे जाहिरातीत कशाला? एखादी गोष्ट लिहायची की नाही ते ठरवायला मी एकच प्रश्न वापरला: हे आधी कळले असते तर कोणी फेरीच मारली नसती का, किंवा वेगळी किंमत सांगितली असती का? हो असेल तर लिहायचे. नसेल तर घर दाखवताना सांगायचे.

शेवटी झालेली जाहिरात

एवढे झाल्यावर जी जाहिरात तयार झाली ती ही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत एवढी मावत नाही, तिथे पहिला परिच्छेद आणि फोन नंबर एवढेच द्यायचे. व्हॉट्सअॅपवर आणि विचारणाऱ्यांना पूर्ण पाठवायची.

"टिळकवाडी, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, 2 बीएचके फ्लॅट विकणे आहे. तिसरा मजला, लिफ्ट आहे, 2009 चे बांधकाम. कार्पेट 680 चौ. फूट, बाल्कनी आणि युटिलिटी मिळून 68, कागदोपत्री सुपर बिल्टअप 1050. किंमत 48 लाख.

दारातून सरळ हॉल (10 बाय 16), समोर पश्चिमेची बाल्कनी. दुपारनंतर उजेड आणि वारा. शेजारी जेवणाची वेगळी जागा. स्वयंपाकघर (8 बाय 9) आग्नेय कोपऱ्यात, ओट्यावर सकाळचे ऊन, मागे युटिलिटी. बेडरूम आणि बाथरूम हॉलपासून वेगळ्या पॅसेजवर. मोठी बेडरूम 11 बाय 12, जोडून बाथरूम. तिच्या पश्चिम भिंतीला पूर्वी ओल येत होती, दोन पावसाळ्यांपूर्वी बाहेरून वॉटरप्रूफिंग केले, आता खिडकीवर वीतभर डाग उठतो, बाकी भिंत कोरडी. लहान बेडरूम 10 बाय 10, डबल बेड आणि कपाट बसते. खिडकीसमोर इमारत असल्याने दिवसा उजेड कमी. मुख्य दार पूर्वेला.

किराणा, औषधे चालत 2 मिनिटे, बसथांबा 4, आरपीडी क्रॉस 9. काँग्रेस रोडला जाताना गेट लागते: स्कूटरने 4 मिनिटे, बंद असेल तर 15 पर्यंत. रेल्वेचा आवाज बाल्कनीत आणि मोठ्या बेडरूममध्ये येतो. नळाला एक दिवसाआड पाणी, बोअर आहे, मागच्या उन्हाळ्यात दोन टँकर लागले. एका कारची झाकलेली जागा. ई-खाता आणि ईसी तयार, बघायला मिळतील. घर दुपारी चारनंतर बघावे, पश्चिमेचा उजेड तेव्हा असतो आणि गाडीचा आवाजही ऐकायला मिळतो."

या जाहिरातीला पहिल्या पंधरा दिवसांत पाच फोन आले. एजंट म्हणाले होते तसेच झाले, फोन कमीच आले. पण 'घर केवढं आहे?' असे त्या पाचांतल्या एकानेही विचारले नाही. दोघांनी डागाचा फोटो मागितला, एकाने वॉटरप्रूफिंग कोणी केले ते विचारले, एका बाईंनी लहान खोलीत शिलाई मशीन मावेल का ते विचारले. फ्लॅट अजून विकला गेलेला नाही, त्यामुळे माझी पद्धत जिंकली असे मी म्हणत नाही. किंमत जास्त असेल तर कितीही नीट लिहिलेली जाहिरात ती पचवून देणार नाही, आणि बाजार थंड असेल तर शब्दांनी तो तापत नाही. एवढे मात्र दिसले की जे आले ते हेच घर बघायला आले, आणि बोलणे चहाच्या आधीच कागदांवर आले.

तुमच्यापैकी अनेकांना आज ना उद्या घरच्यांसाठी, नाहीतर शेजाऱ्यांसाठी असे काही लिहायची वेळ येईलच, कारण 'हिला मराठी बरं येतं' म्हटले की अशी कामे आपल्याकडे येतात. तेव्हा लिहून झाल्यावर जाहिरात हातात घ्या, त्या घरात जा आणि एकेक वाक्य वाचत खोल्यांतून फिरा. जे वाक्य टेपने, घड्याळाने किंवा डोळ्यांनी तिथेच तपासता येत नाही, ते खोडा. माझ्या पहिल्या मसुद्यातले 'शांत परिसर' असेच गेले, कारण मी ते वाचत असताना गेटाची घंटा वाजत होती.